मुरुमांचं मोजमाप: ‘सौम्य’ म्हणजे नेमकं काय?

त्वचेवरच्या संशोधनात उतरायचं ठरवलं की पहिला प्रश्न समोर येतो: एखाद्याचे मुरूम ‘किती’ आहेत हे आकड्यात सांगायचं कसं? औषधाचा परिणाम झाला की नाही हे ठरवायला आधी आणि नंतरचा आकडा लागतोच. पण हा आकडा काय मोजतो आणि काय सोडून देतो हे नीट कळलं नाही, तर खड्डे पडू घातलेला चेहरा आपण कागदावर ‘सौम्य’ म्हणून मोकळे होतो.

आधी मोजायचं काय ते बघू. सगळी सुरुवात केसाच्या मुळाशी असलेल्या छोट्या नळीत होते. नळीच्या आतली मृत त्वचा आणि तेलग्रंथीतून येणारं तेल यांचं बूच बसतं. बुचाचं तोंड उघडं राहिलं तर ब्लॅकहेड, बंद राहिलं तर व्हाइटहेड. ब्लॅकहेडचा काळा रंग मळाचा नसतो. तो मुख्यतः मेलॅनिनमुळे आणि हवेशी संपर्क येऊन होणाऱ्या बदलामुळे येतो. त्यामुळे साबणाने घासघासून तो जात नाही, उलट त्वचा चिडते.

बुचामागे दाह सुरू झाला की लाल, टणक पुटकुळी येते. तिच्या टोकाला पू दिसू लागला की ती पुवाची पुटकुळी. आणि नळीची भिंत आतल्या आत फुटून तेल, केराटिन, जिवाणू असं सगळं त्वचेच्या खोल थरात सांडलं, की दुखरी गाठ तयार होते. साधारण ५ मिलिमीटरपेक्षा मोठी असेल तर तिला नोड्यूल म्हणतात. बोलताना आपण ज्याला ‘सिस्ट’ म्हणतो, ती बऱ्याचदा खरी सिस्ट नसतेच, कारण तिला स्वतःचं अस्तर नसतं. पू आणि रक्तमिश्रित द्रवाने मऊ पडलेली ती गाठच असते.

आता मोजमाप. संशोधनात खूप वापरली जाणारी एक पद्धत म्हणजे ग्लोबल अ‍ॅक्ने ग्रेडिंग सिस्टिम. दोशी, झहीर आणि स्टिलर यांनी ती १९९७ मध्ये मांडली. तिच्यात सहा भाग धरतात. कपाळ, उजवा गाल आणि डावा गाल यांना प्रत्येकी २ चा गुणक, नाक आणि हनुवटी यांना प्रत्येकी १, आणि छाती व पाठीचा वरचा भाग मिळून ३. प्रत्येक भागातला सर्वात गंभीर मुरूम बघायचा: काही नसेल तर ०, ब्लॅकहेड-व्हाइटहेड १, लाल पुटकुळी २, पुवाची पुटकुळी ३, गाठ ४. गुणाकार करून बेरीज. कमाल बेरीज ४४. १८ पर्यंत सौम्य, १९ ते ३० मध्यम, ३१ ते ३८ तीव्र, त्यापुढे अतितीव्र.

दोन कल्पित उदाहरणं घेऊ. पहिला, मुलुंडचा एक मुलगा. कपाळावर ब्लॅकहेड (२), दोन्ही गालांवर पुवाच्या पुटकुळ्या (६ + ६), नाकावर ब्लॅकहेड (१), हनुवटीवर लाल पुटकुळी (२), पाठीवर लाल पुटकुळ्या (६). एकूण २३, म्हणजे मध्यम.

दुसरी, बोरिवलीची एक मुलगी. कपाळ आणि पाठ स्वच्छ (०). उजव्या गालावर दोन खोल, दुखऱ्या गाठी (८), डाव्या गालावर लाल पुटकुळी (४), नाकावर ब्लॅकहेड (१), हनुवटीवर गाठ (४). एकूण १७, म्हणजे सौम्य!

गणित बरोबर आहे, पण व्रणांच्या दृष्टीने बघितलं तर जास्त काळजी या मुलीचीच करायला हवी. ही पद्धत मुरूम किती भागांत पसरलेत याला मोठं वजन देते, आणि एका भागात एक गाठ असो वा पाच, गुण तेवढेच. शिवाय आधी पडलेले व्रण ती मोजतच नाही. याउलट भारतात प्रचलित असलेली टुटकणे आणि चारी यांची चार पायऱ्यांची वर्गवारी घ्या. तिच्यात पहिल्या पायरीवर ब्लॅकहेड-व्हाइटहेड, दुसरीवर पुटकुळ्या, तिसरीवर मुख्यतः पुवाच्या पुटकुळ्या आणि गाठी, चौथीवर सिस्ट आणि सर्वत्र व्रण. या वर्गवारीत हीच मुलगी तिसऱ्या पायरीकडे जाते. म्हणजे माणूस तोच, पण मोजपट्टी बदलली की निदानाचा शब्द बदलला. प्रबंधात पद्धत निवडताना ‘सगळे हीच वापरतात’ एवढं कारण पुरत नाही. आपला प्रश्न पसरण्याचा आहे की व्रणांचा, हे आधी ठरवावं लागतं.

व्रण का पडतात? खोल दाहात कोलॅजेन तोडणारी एन्झाइम्स सुटतात, आणि दुरुस्ती अपुरी झाली की त्वचा खाली बसते, म्हणजे खड्डा पडतो. गाठींमध्ये हा धोका जास्त, पण साध्या लाल पुटकुळ्याही रेंगाळल्या तर खड्डे ठेवून जातात. इथे वेळेला फार महत्त्व आहे. लेटन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये १८५ रुग्ण तपासले, तेव्हा मुरूम सुरू होणं आणि पुरेसे उपचार मिळणं यातला तीन वर्षांपर्यंतचा उशीर व्रणांच्या प्रमाणाशी जोडलेला दिसला. ‘वय झालं की जातील’ हा सल्ला मुरुमांबाबत बऱ्याचदा खरा ठरतो, खड्ड्यांबाबत नाही.

डाग आणि खड्डा यात मात्र गल्लत करू नका. आपल्या वर्णाच्या त्वचेवर मुरूम गेल्यावर तपकिरी डाग राहतो. तो सपाट असतो आणि महिन्यांनी फिका पडतो. ओळखायचं असेल तर खिडकीजवळ एका बाजूने उजेड घ्या. खड्ड्याची सावली पडते, डागाची नाही. त्वचा बोटांनी ताणल्यावर खड्डा सपाट होत असेल तर तो मध्यम, ताणूनही तसाच राहिला तर तीव्र. गुडमन आणि बॅरन यांच्या व्रण-वर्गवारीत ही ताणून बघायची कसोटी आहे.

मग त्वचारोगतज्ज्ञाकडे कधी? फक्त ब्लॅकहेड आणि थोड्या पुटकुळ्या असतील तर फॅमिली डॉक्टरांनी दिलेलं अ‍ॅडापॅलीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड पुरतं. फक्त त्याला ८ ते १२ आठवडे द्यावे लागतात. पण एकही खोल दुखरी गाठ वारंवार येत असेल, नवा खड्डा दिसत असेल, १२ आठवडे नीट उपचार करून फरक नसेल, किंवा मुलींमध्ये पाळी अनियमित आणि हनुवटीवर दाट केस असतील, तर थेट तज्ज्ञ. अचानक व्रणयुक्त मुरूम, सोबत ताप आणि सांधेदुखी असेल तर त्याच दिवशी. महापालिकेच्या कूपर, सायन आणि केईएम रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत, त्यामुळे खासगी फी परवडत नाही म्हणून थांबायला नको.

तज्ज्ञ वेगळं काय करतात? गाठीत अगदी सौम्य प्रमाणात स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊन ती काही दिवसांत बसवता येते. गंभीर प्रकारात आयसोट्रेटिनॉइन देतात. त्याने गर्भात गंभीर दोष होतात, म्हणून गोळी सुरू असताना आणि बंद केल्यावर किमान एक महिना गर्भधारणा टाळावीच लागते. यकृत आणि रक्तातल्या चरबीच्या तपासण्याही करतात.

स्टेरॉइडचं नाव आलं म्हणून सांगते. मेडिकलमधून आणलेली ‘गोरं करणारी’ मिश्र क्रीम चेहऱ्यावर लावली की लाली दोन दिवसांत उतरते आणि औषध लागू पडलं असं वाटतं. काही आठवड्यांनी एकसारख्या, एकाच वयाच्या पुटकुळ्यांचं पीक येतं आणि त्यात ब्लॅकहेड जवळजवळ नसतात. तुमच्या अभ्यासात असा रुग्ण आला तर तो वेगळा नोंदवा, कारण त्याचे १७ गुण आणि बोरिवलीच्या मुलीचे १७ गुण हा एकच आजार नव्हे.