सरासरी सारखी, तरी गट वेगळे

अपूर्णांकांवरची पन्नास गुणांची चाचणी. सात मुलांच्या ‘अ’ गटाला हा भाग फळ्यावर नेहमीसारखा शिकवला आणि सात मुलांच्या ‘ब’ गटाला कागदाच्या पट्ट्या दुमडून, कापून. बी.एड.च्या कृती संशोधनात असा प्रयोग हमखास भेटतो. खालचे आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण त्यांचा तोंडवळा कोणत्याही शिक्षकाच्या ओळखीचा असेल.

अ : ३५, ३७, ३८, ३९, ४०, ४१, ४३
ब : १, ४२, ४४, ४५, ४६, ४७, ४८

दोन्ही गटांची बेरीज २७३ आणि सरासरी बरोबर ३९. सरासऱ्यांतला फरक शून्य असल्याने प्रबंधात नेहमी वापरली जाणारी टी-परीक्षिकाही शून्य येते. मग ‘दोन पद्धतींत सार्थक फरक नाही’ असं वाक्य टंकलं जातं आणि पट्ट्या कपाटात जातात.

पण यादीवर नुसती नजर टाकली तरी हा निष्कर्ष पटत नाही. ‘ब’मधल्या सहा मुलांपैकी फक्त ४२ वाला ‘अ’च्या एका मुलाच्या मागे आहे, बाकीचे पाच सगळ्यांच्या पुढे. सगळी सरासरी खाली ओढली ती १ गुणवाल्याने. समजा, त्याला ताप भरला आणि तो पहिलाच प्रश्न सोडवून उठला.

शाळेतले गुण असे एकीकडे कललेले असतात, यात नवल नाही. पेपर सोपा निघाला की बहुतेक मुलं वरच्या टोकाला गर्दी करतात आणि खाली एखाद-दुसऱ्याचं लांब शेपूट उरतं. पेपर अवघड असला की चित्र उलटं. वर्गात दोनशे मुलं असती तर एका तापाने सरासरी फारशी हलली नसती. इथे सातच मुलं आहेत, त्यामुळे एकाच मुलाच्या हातात वर्गाच्या सरासरीचा सातवा हिस्सा आहे. शिवाय त्या एका आकड्याने गटातला विस्कळीतपणाही फुगतो. म्हणून सरासऱ्यांत दोन-तीन गुणांचा फरक उरला असता, तरी टी-परीक्षिकेच्या हिशेबात तो बुडालाच असता.

यावरचा एक साधा उपाय १९४५ साली फ्रँक विलकॉक्सन यांनी चार पानांच्या लेखात मांडला. ते पेशाने रसायनशास्त्रज्ञ होते आणि त्यांच्या लेखातलं एक उदाहरण माश्या मारायच्या दोन फवाऱ्यांचं होतं : प्रत्येकाच्या आठ-आठ चाचण्या आणि किती टक्के माश्या मेल्या त्याचे आकडे. त्यांची युक्ती अशी की मोजमाप बाजूला ठेवायचं आणि फक्त क्रम घ्यायचा. दोनच वर्षांनी मान आणि व्हिटनी यांनी असमान आकाराच्या गटांसाठीही गणित पक्कं केलं. आज पुस्तकांत दोघांच्याही नावाने जी चाचणी दिसते, ती मुळात एकच.

आता ती आपल्या चौदा मुलांवर लावून पाहू. दोन्ही गट एकत्र करून सगळ्यात कमी गुणांना १ आणि सगळ्यात जास्त गुणांना १४ असे क्रम द्यायचे. तापवाल्या मुलाला १. मग ‘अ’ची सहा मुलं ओळीने येतात, ३५पासून ४१पर्यंत, क्रम २ ते ७. त्यानंतर ‘ब’चा ४२ आठवा, ‘अ’चा ४३ नववा आणि ‘ब’चे उरलेले पाच दहाव्यापासून चौदाव्यापर्यंत. ‘अ’च्या क्रमांची बेरीज ३६ भरते, ‘ब’ची ६९. दोन्ही मिळून १०५. पहिल्या चौदा संख्यांची बेरीज तेवढीच असते, त्यामुळे हिशेब चुकला नसल्याची पडताळणी इथेच होते.

पद्धतीने काहीच फरक पडत नसता, तर प्रत्येक गटाच्या वाट्याला साधारण ५२.५ आले असते. मग ३६ ही घसरण किती मोठी? चौदा क्रमांच्या चिठ्ठ्यांतून डोळे मिटून सात उचलायच्या म्हटलं, तर ३,४३२ वेगवेगळ्या निवडी होऊ शकतात. त्यांपैकी फक्त ६५ निवडींत बेरीज ३६ किंवा त्याहून कमी येते. फरक उलट्या बाजूलाही पडू शकला असता, म्हणून दुप्पट करायचे : १३०. म्हणजे नुसत्या योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता चार टक्क्यांहून थोडी कमी. रूढ पाच टक्क्यांच्या पातळीवर हा फरक सार्थक ठरतो. इथे कुठेही घंटेच्या आकाराचा वक्र गृहीत धरलेला नाही. केवळ निवडी मोजल्या आहेत. लहान गटांवर या चाचणीचा भरवसा ठेवता येतो तो त्यामुळेच.

तापवाल्या मुलाला १ऐवजी ३४ गुण मिळाले असते तर? ‘ब’ची सरासरी ३९वरून ४४च्या जवळ गेली असती. क्रमांची बेरीज मात्र जशीच्या तशी, कारण ३४वालाही शेवटचाच.

संगणकावर आर या मोफत प्रणालीत काम दोन-तीन ओळींचं आहे :

```
a <- c(35,37,38,39,40,41,43)
b <- c(1,42,44,45,46,47,48)
wilcox.test(a, b, exact = TRUE)
```

उत्तरात `W = 8` आणि `p-value = 0.03788` दिसतं. हा ८ पाहून पुष्कळजण गोंधळतात, कारण हातच्या हिशेबात ३६ आले होते. सात जणांची कमीत कमी शक्य बेरीज २८ असते. ती वजा करून आर आकडा दाखवतो. या ८चा अर्थ मोठा छान आहे. ‘अ’मधला एक आणि ‘ब’मधला एक अशा ४९ जोड्या लावल्या, तर फक्त ८ जोड्यांत ‘अ’चा मुलगा पुढे आहे, ४१ जोड्यांत ‘ब’चा. प्रबंधात हे वाक्य लिहिलं तर पालकालाही कळेल.

दोघांना सारखे गुण पडले तर क्रम वाटून द्यायचे. सहावा, सातवा, आठवा या तिघांनाही ४० असतील, तर तिघांनाही ७. पण अर्ध्या वर्गाला पैकीच्या पैकी असतील, तर छापील तक्ता लागू पडत नाही. तिथे त्याच बरोबरीच्या क्रमांवरून निवडी नव्याने मोजाव्या लागतात.

गट फारच छोटे असले तर मात्र ही चाचणीही हात टेकते. तीन विरुद्ध तीन मुलांत एकूण २० निवडी होतात. एका गटाने दुसऱ्याला पूर्ण मागे टाकलं, तरी दुहेरी हिशेबात शक्यता दहा टक्के येते. पाच टक्क्यांखाली जाताच येत नाही, मग पट्ट्या कितीही गुणाच्या असोत. चार-चार मुलं घेतली की हीच टोकाची शक्यता तीन टक्क्यांच्या किंचित खाली उतरते.

सगळ्यात जास्त होणारी चूक वेगळीच आहे. त्याच मुलांची पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणी घ्यायची आणि त्या दोन याद्या दोन वेगळे गट समजून क्रम लावायचे, असं बरेचदा घडतं. तिथे प्रत्येक मुलाचा स्वतःशीच तुलनेचा धागा तुटतो. त्या कामासाठी विलकॉक्सन यांनी त्याच लेखात दुसरी चाचणी दिली आहे, फरकांना चिन्हासकट क्रम देणारी. दुसरा गैरसमज असा की ही चाचणी मध्यकांची तुलना करते. दोन्ही गटांतली गुणांची ठेवण सारखी असेल तरच तसं म्हणता येतं. एरवी ती सांगते एवढंच की जोडीत कोणत्या गटाचं मूल बहुधा पुढे असतं. आणि गट मुळात चिठ्ठ्या टाकून केलेले नसतील, ‘ब’मध्ये आधीच हुशार मुलं गेली असतील, तर श्रेय पट्ट्यांचं की मुलांचं हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही.

क्रमांच्या या हिशेबात १ आणि ३४ यांत फरक उरत नाही, म्हणजे अडचणीत असलेलं मूलही त्यात दिसेनासं होतं. तेव्हा कृती संशोधन लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती, की चाचणीच्या आकड्याशेजारी सगळ्या मुलांचे गुण चढत्या क्रमाने छापावेत. चौदा मुलांसाठी दोन ओळी पुरतात.