गोळीत औषधच नव्हतं

नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून 2023 मध्ये औषध निरीक्षकांनी सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्यांचा नमुना घेतला. हे जंतुसंसर्गावरचं नेहमीचं प्रतिजैविक. प्रयोगशाळेचा अहवाल आला, तेव्हा गोळीत सिप्रोफ्लॉक्सॅसिन नव्हतंच. पाकिटावर गुजरातमधल्या एका कंपनीचं नाव छापलेलं होतं. शोध घेतला तर अशी कंपनीच अस्तित्वात नव्हती. गोळ्या टेंडरमधून, पुरवठादारांच्या साखळीतून आल्या होत्या आणि उत्पादकाचा परवाना खरा आहे का, हे साखळीतल्या कुणीच पाहिलं नव्हतं. पाहिलं असतं तर हा माल रुग्णालयाच्या दारातच अडला असता.

आपण परवाने तपासायला जाणार नाही, पण बिल मागू शकतो. पक्क्या बिलावर दुकानाचा परवाना क्रमांक, औषधाचा बॅच नंबर आणि मुदत असते. घरी नेण्याआधी काउंटरवरच बिलावरचा बॅच नंबर स्ट्रिपवरच्या नंबराशी जुळवा. नकली माल बहुधा बिलाविना फिरतो, म्हणून ‘बिल कशाला, थोडं कमी करून देतो’ असं दुकानदार म्हणाला, की ते औषध घेऊ नका.

किमतीचं थोडं समजून घ्यायला हवं. जनऔषधी केंद्रातलं औषध स्वस्त असतं ते ब्रँडचा आणि जाहिरातीचा खर्च नसल्यामुळे, त्यामुळे तिथली कमी किंमत संशयास्पद नाही. संशय घ्यायचा तो नावाजलेल्या ब्रँडवर अवाच्या सवा सूट मिळते तेव्हा. सरकारने कमाल किंमत ठरवून दिलेल्या औषधांत किरकोळ विक्रेत्याचा नफा 16 टक्के धरलेला असतो. तोच विक्रेता निम्म्या किमतीत देत असेल, तर त्याने माल कुठून आणला, हे विचारायलाच हवं.

पाकिटावर पुसट छपाई, नावात एखादं अक्षर चुकलेलं, खोक्यावर एक मुदत आणि स्ट्रिपवर दुसरी, अशा खुणा नीट पाहिल्या तर सापडतात. ऑगस्ट 2023 पासून 300 प्रमुख ब्रँडच्या वेष्टनांवर क्यूआर कोड किंवा बारकोड सक्तीचा आहे. तो स्कॅन केला की उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर, मुदत आणि परवाना क्रमांक दिसतो. मात्र खरा कोड नकली पाकिटावर जसाच्या तसा छापता येतो. म्हणून स्कॅन झालं एवढ्यावर थांबू नका, पडद्यावरचा बॅच आणि मुदत स्ट्रिपशी ताडून पाहा.

कमअस्सल औषध मात्र डोळ्यांना कळत नाही. ते खऱ्या कंपनीचंही असू शकतं, पाकीटही निर्दोष असतं, फक्त गोळीत औषधाचं प्रमाण कमी असतं किंवा ती पोटात नीट विरघळत नाही. हे प्रयोगशाळेतच समजतं. नेहमीच्या गोळीने अचानक गुण येईनासा झाला, तर डोस स्वतःच वाढवू नका. डॉक्टरांना सांगा, आणि उरलेली स्ट्रिप व बिल जपून ठेवून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार द्या. स्ट्रिप फेकून दिलीत तर तपासायला काहीच उरणार नाही.