अध्यादेशांचे बिहारी राज्य

विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज पडली, तर राज्यपाल अध्यादेश काढू शकतात. मात्र सभागृह पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत तो मंजूर झाला नाही, तर रद्द होतो. बिहारने यातून पळवाट काढली. अधिवेशन संपले की जुनेच अध्यादेश पुन्हा जारी करायचे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डी. सी. वाधवा यांनी राजपत्रे चाळून हे उघड केले. 1967 ते 1981 दरम्यान निघालेल्या 256 अध्यादेशांपैकी काही दहा वर्षांहून अधिक काळ जिवंत ठेवले होते. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा म्हणजे राज्यघटनेची फसवणूक ठरवली.

कायद्याखाली सरकार बनवते त्या नियमांचे दुखणे अधिक सूक्ष्म आहे. संसद चौकट आखते, तपशील अधिकारी भरतात. हे नियम सभागृहाच्या पटलावर ठेवले जातात, पण बहुतेकदा ते आधीच लागू झालेले असतात आणि त्यांवर चर्चा क्वचितच होते. दोन्हीकडे प्रश्न एकच: विरोधकांनी प्रश्न विचारण्याआधीच कायदा नागरिकाच्या दारात पोहोचतो.