माध्याची प्रमाण अनिश्चितता

एकाच राशीचे अनेकदा मापन करून काढलेले माध्य खऱ्या मूल्यापासून यदृच्छ त्रुटींमुळे सामान्यतः किती दूर असू शकेल, हे दर्शविणाऱ्या अंकास माध्याची प्रमाण अनिश्चितता म्हणतात.

महाबळेश्वर येथे उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूरवरून महाडकडे जाते. महाडच्या खालच्या बाजूस नदीवर भरती-ओहोटीचा परिणाम होतो. म्हणून वरून येणाऱ्या प्रवाहाच्या वेगमापनास पोलादपूरजवळचे सरळ पात्र अधिक सोयीचे होय. तेथे २० मी. अंतरावर दोन खुणा करून लाकडी ठोकळा एकाच मार्गाने दहा वेळा सोडला व त्यास पुढीलप्रमाणे सेकंद लागले असे समजू : २५·१, २४·३, २६·०, २४·८, २५·५, २३·९, २५·७, २४·६, २५·२, २४·९.

यांचे माध्य २५·० सेकंद येते. प्रत्येक वाचनाचे माध्यापासूनचे अंतर काढून त्यांच्या वर्गांची बेरीज केल्यास ३·७० येते. माध्य याच वाचनांवरून काढलेले असल्याने नऊच अंतरे स्वतंत्र राहतात. म्हणून या बेरजेस दहाने न भागता नऊने भागतात. भागाकार ०·४१ व त्याचे वर्गमूळ ०·६४ सेकंद. हे एकेका वाचनाचे प्रमाण विचलन होय. त्यास दहाच्या वर्गमुळाने, म्हणजे ३·१६ ने, भागल्यास माध्याची प्रमाण अनिश्चितता ०·२० सेकंद मिळते. पृष्ठभागावरील वेग सेकंदास ०·८० मी. असून त्यातील यदृच्छ अनिश्चितता सु. ०·८ टक्के आहे.

भाजक दहा नसून त्याचे वर्गमूळ का, हे त्रुटींच्या बेरजेवरून कळते. काही त्रुटी धन व काही ऋण असल्याने त्या अंशतः एकमेकींना छेदतात. दहा स्वतंत्र त्रुटींची बेरीज सामान्यतः एका त्रुटीच्या दहापट न होता ३·१६ पटच होते. माध्यासाठी तिला दहाने भागले की एक-तृतीयांशाहून थोडा कमी भाग उरतो. त्यामुळे अनिश्चितता निम्मी करण्यास ४० वाचने लागतात, तर एक-दशांश करण्यास १,००० लागतात. इतक्या वाचनांत ठोकळ्याच्या प्रवासासच सु. सात तास जातील. पावसाळ्यात तेवढ्या वेळात पाणी चढते वा उतरते आणि मापनाची राशीच बदलते. वाचने क्रमाने आलेखावर मांडल्यास असा बदल एकाच दिशेच्या कलाने उघड होतो.

वाचने वाढविल्याने पद्धतशीर दोष मात्र कमी होत नाहीत. खुणांमधील अंतर प्रत्यक्षात २०·४ मी. असल्यास वेगात दोन टक्के चूक राहते. ती दहा वाचनांत जेवढी, तेवढीच हजारांत. पृष्ठभागाच्या वेगावरून सरासरी वेग काढण्यासाठी सामान्यतः सु. ०·८५ हा गुणक वापरतात. तो त्या पात्रास लागू नसल्यास येणारा दोषही तसाच टिकतो. म्हणून दहा वाचनांनंतर अंतर पुन्हा मोजणे अधिक फलदायी ठरते.