नऊ रुपये कमी

वाईच्या स्टँडवर सकाळची महाबळेश्वर गाडी लागली आहे आणि कंडक्टरच्या हातात अजून तिकिटांचा ट्रे आहे, मशीन नाही, असं समजू. ही गोष्ट रचलेली आहे आणि तिच्यातली भाडीही हिशोब सोपा जावा म्हणून घेतलेली आहेत. पण तिच्यातली कामाची रीत मात्र कागदी तिकिटांच्या काळात एसटीत नोकरी केलेल्या कुणालाही ओळखू येईल.

ट्रेमध्ये दहा, पाच आणि एक रुपयाच्या तिकिटांचे गठ्ठे. सोळा रुपयांचं भाडं असेल तर तिन्हींतलं एकेक तिकीट फाडायचं, पंच मारायचा आणि हातात ठेवायचं. प्रत्येक गठ्ठ्यावर क्रमाने नंबर छापलेले. गाडी सुटण्याआधी वरच्या तिकिटाचा नंबर वे-बिलावर लिहायचा आणि जवळचे स्वतःचे पैसेही तिथेच नोंदवायचे. आपल्या कंडक्टरने सुट्ट्यांसाठी घरून १२० रुपये आणले आहेत, ते त्याने लिहिले.

पहिला उतारू सोळाच्या तिकिटाला पन्नासची नोट देतो, चौतीस परत घेतो. पिशवीत भर पडली सोळाची आणि तिकिटं फाटली सोळाचीच. दुसऱ्याचं तिकीट सव्वीसचं, हातात शंभरची नोट. परत द्यायचे चौऱ्याहत्तर, पण नाणी संपत आलेली. कंडक्टर सत्तर देतो, तिकिटाच्या पाठीमागे ‘४’ लिहितो आणि म्हणतो, “उतरताना घ्या.” इथे पिशवीत तीस रुपये वाढले आणि तिकिटं सव्वीसचीच फाटली. हिशोब चुकला का? नाही. वाढलेले चार रुपये त्या माणसाचे आहेत, फक्त पिशवी कंडक्टरची आहे. तिकिटं सव्वीस, देणं चार, बेरीज तीस.

आपल्या कंडक्टरच्या लक्षात आलेली गोष्ट ती एवढीच. कोणत्याही क्षणी पिशवीत असायला हवेत: स्वतःचे पैसे, अधिक फाटलेल्या तिकिटांचे पैसे, अधिक उतारूंचं राहिलेलं देणं. नोटा कितीही मोठ्या येवोत, सुटे कितीही तुटपुंजे असोत, व्यवहार नीट झाला तर दोन्ही बाजू एकाच आकड्याने हलतात. एखाद्या भाजीवाल्या बाईंकडून शंभरच्या नोटेचे दहा-दहाचे सुटे घेतले तर पिशवीची बेरीज जागची हलत नाही. दोघांचे पाच-पाच राहिले असतील आणि पाचाचं नाणं नसेल, तर एकाच्या हातात दहाची नोट ठेवून “दोघं वाटून घ्या” म्हणायचं. ही एसटीतली जुनी तोड. पिशवीतून दहा गेले, देणंही दहानं उतरलं. पुढे ते दोघं भांडोत किंवा चहा पिवोत, पिशवीला त्याच्याशी काही घेणं नाही.

देणं तिकिटाच्या पाठीवर लिहिलं की ते तिकिटासोबत उतारूच्या खिशात जातं, ही अडचण. म्हणून आपला कंडक्टर तोच आकडा वे-बिलाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनेही टिपतो आणि पैसे दिले की खोडतो.

गाडी पसरणीचा घाट चढून पाचगणीला येते. ट्रेमधले वरचे नंबर त्याने वे-बिलावर उतरवले. दहाचा गठ्ठा २१४ वर उघडला होता, आता वर २५१ आहे, म्हणजे ३७ तिकिटं. (नवा माणूस इथे ३८ म्हणतो. पण २५१ नंबरचं तिकीट अजून ट्रेमध्येच आहे, त्यामुळे सरळ वजाबाकीच बरोबर.) त्यांचे ३७० रुपये. पाचाचा ६०२ वरून ६२५, तेवीस तिकिटं, ११५ रुपये. एकाचा ८८ वरून १२१, तेहतीस तिकिटं, ३३ रुपये. तिकिटांचे एकूण ५१८. स्वतःचे १२०. चौघांचं मिळून देणं १७. पिशवीत ६५५ हवेत.

मोजले तर ६४६. नऊ रुपये कमी.

घाबरगुंडी उडालेला कंडक्टर इथे स्वतःच्या खिशातून नऊ रुपये टाकून मोकळा होतो. आपला कंडक्टर आधी त्या नऊकडे बघतो. नऊचा किंवा नऊच्या पटीतला फरक आला की लिहिताना दोन अंकांची अदलाबदल झाली असेल, हा संशय पहिला. बाराचे एकवीस केले की एक अंक एककातून दशकात जातो आणि दुसरा उलट येतो, आणि असा फरक नेहमी नऊनेच भागला जातो. त्याने ट्रे पुन्हा पाहिला. एकाच्या गठ्ठ्यावर वरचं तिकीट ११२ आहे, वे-बिलावर लिहिलंय १२१. म्हणजे तिकिटं ३३ नाहीत, २४ फाटली. आता ३७०, ११५ आणि २४ मिळून ५०९, त्यात १२० आणि १७. बरोबर ६४६.

फरक नऊचा नसता, समजा पाचाचा असता, तर मागच्या टप्प्यातले व्यवहार आठवावे लागले असते. टप्प्याटप्प्याला पैसे मोजण्याचा फायदा इथे कळतो. पाचगणीला चूक दिसली तर ती वाई ते पाचगणीतल्या तीसेक माणसांत शोधायची. संध्याकाळी आगारात दिसली तर दिवसभराच्या गर्दीत, आणि तेव्हा ती सापडत नाही.

पैसे जास्त निघाले तर बरं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. कंडक्टरला तसं वाटत नाही. जास्तीचे पैसे म्हणजे कुणाला तरी सुटे कमी गेले, किंवा पैसे घेतले आणि तिकीट फाडायचं राहिलं. मध्येच चढलेला तपासनीस पिशवी मोजतो तेव्हा त्याला दुसरीच शंका आधी येते. सुरुवातीला नोंदवलेले ते १२० रुपये अशा वेळी फार उपयोगी पडतात.

तरीही हा ताळा सगळं पकडत नाही. पैसे न देता कोपऱ्यात बसून राहिलेल्या माणसाने तिकिटांत शून्य भर घातली आणि पिशवीतही शून्य. ताळा चोख, गाडीत एक फुकट्या. पुढच्या गावाला जाणाऱ्याला अलीकडचं तिकीट दिलं आणि तेवढेच पैसे घेतले, तरी ताळा जुळतोच. एकाला पाच कमी आणि दुसऱ्याला पाच जास्त गेले, तर दोन चुका एकमेकींना झाकतात. त्यासाठी दुसरी मोजणी लागते, ती म्हणजे डोकी मोजण्याची. एका भाड्याला दोन-तीन तिकिटं फाटत असल्याने तिकिटांच्या संख्येवरून माणसं कळत नाहीत. वे-बिलावर माणसांचा आकडा वेगळा ठेवून तो गाडीतल्या डोक्यांशी पडताळावा लागतो.

मशीन आल्यावर अर्धं काम गेलं. नंबरांची वजाबाकी आणि तिकिटांची बेरीज मशीनच करतं, त्यामुळे १२१ आणि ११२ची गफलत होत नाही. पण सत्तर दिले की चौऱ्याहत्तर, हे मशीनला माहीत नसतं, आणि तिकिटाच्या पाठीवरचे चार रुपयेही त्याला दिसत नाहीत. उलट हिशोबात एक नवा आकडा आला आहे. उतारूने मोबाइलवरून भाडं भरलं की तिकीट निघतं, पण पिशवीत काही येत नाही. तेव्हा मोजण्याआधी मशीनवरच्या एकूण रकमेतून तेवढे वजा करायचे. महिलांच्या अर्ध्या तिकिटांतही पिशवीत येणारी अर्धी रक्कमच धरायची, उरलेली सवलत हा सरकार आणि महामंडळ यांच्यातला हिशोब.

आपल्या कंडक्टरने संध्याकाळी आगारात तिकिटांची रक्कम भरली. पिशवीत स्वतःचे १२० उरायला हवे होते, उरले १२४. वे-बिलाच्या कोपऱ्यात एक चौकार न खोडलेला होता. सव्वीसच्या तिकिटाचा उतारू सुटे न घेताच उतरून गेला होता.