इंग्रजी मथळ्यांची भाषा – भाग ५ : ‘टू’ दिसला की घटना पुढची

‘मिनिस्टर व्हिजिट्स फ्लड-हिट व्हिलेजेस’ या मथळ्यातलं क्रियापद वर्तमानकाळी दिसत असलं, तरी भेट होऊन गेलेली असते, हे आपण मागच्या भागात पाहिलं. मंत्री उद्या जाणार असतील, तर बहुतेक वेळा मथळा असा येतो : ‘मिनिस्टर टू व्हिजिट फ्लड-हिट व्हिलेजेस’. हा ‘टू’ आला कुठून?

पूर्ण वाक्य आहे, ‘द मिनिस्टर इज टू व्हिजिट द फ्लड-हिट व्हिलेजेस’. आधीच ठरलेल्या, विशेषतः सरकारी किंवा औपचारिक कार्यक्रमासाठी इंग्रजीत ही रचना वापरतात. जागा वाचवायची म्हणून ‘द’ आणि ‘इज’ गळतात, ‘टू व्हिजिट’ उरतं. मराठी वृत्तपत्रांतही हेच चालतं. ‘मंत्री उद्या पूरग्रस्त गावांत जाणार’ या मथळ्यातलं ‘आहेत’ कुणीतरी गाळलेलंच असतं.

तेव्हा मथळा उलगडायचा म्हणजे गळलेलं जागेवर ठेवायचं. आधी कर्ता एक की अनेक ते पाहा. मिनिस्टर एक असेल तर ‘इज’, मिनिस्टर्स असतील तर ‘आर’. ‘पोलीस’ हा शब्द इंग्रजीत अनेकवचनी चालतो, म्हणून ‘पोलीस टू क्वेश्चन ड्रायव्हर’चं पूर्ण वाक्य ‘द पोलीस आर टू क्वेश्चन द ड्रायव्हर’ असं होतं. ‘टू’नंतरचं क्रियापद मूळ रूपातच राहतं, त्याला ‘एस’ किंवा ‘ईडी’ लागत नाही. ‘विल’ वापरूनही वाक्य करता येतं, पण मग ‘टू’ काढावा लागतो : ‘द मिनिस्टर विल व्हिजिट’. ‘विल टू व्हिजिट’ हे दोन्ही रचनांची खिचडी झालेलं चुकीचं वाक्य आहे.

काम करणारा महत्त्वाचा नसेल, तर ‘टू बी’ येतो. ‘ब्रिज टू बी ओपन्ड ऑन संडे’ म्हणजे ‘द ब्रिज इज टू बी ओपन्ड ऑन संडे’ किंवा ‘विल बी ओपन्ड’. इथे ‘टू बी’कडे दुर्लक्ष झालं, तर बातमीचा काळच बदलतो. नुसतं ‘ब्रिज ओपन्ड’ असेल, तर पूल खुला झालेला आहे, ‘द ब्रिज वॉज ओपन्ड’.

इथपर्यंत आपला ‘जाणार’ सोबत असतो. पुढे मात्र तो दोन ठिकाणी फसवतो.

पहिलं ठिकाण पावसाचं. ‘पाऊस पडणार आहे’ असं आपण सहज म्हणतो, आणि ‘हेवी रेन टू लॅश कोकण’ असा इंग्रजी मथळाही येतो. पण त्याचं पूर्ण वाक्य ‘हेवी रेन इज टू लॅश कोकण’ असं करू नये. ‘इज टू’मागे कुणीतरी ठरवलेलं असावं लागतं, पावसाचा कार्यक्रम कुणी ठरवत नाही. इथे ‘इज लाइकली टू लॅश’, ‘इज एक्स्पेक्टेड टू लॅश’ किंवा ‘विल लॅश’ हवं. तापमान, दरड, रोगाची साथ यांच्या बातम्यांनाही हाच नियम.

दुसरं ठिकाण नकाराचं. ‘मिनिस्टर नॉट टू व्हिजिट व्हिलेज’ म्हणजे मंत्री गावाला जाणार नाहीत. ते ‘द मिनिस्टर इज नॉट टू व्हिजिट द व्हिलेज’ असं उलगडलं, तर वाचणाऱ्याला बहुधा मनाईचा वास येतो : मंत्र्यांनी तिथे जाता कामा नये, असा कुणाचा तरी हुकूम आहे. म्हणून नकार असेल तेव्हा ‘विल नॉट व्हिजिट’ किंवा ‘इज नॉट गोइंग टू व्हिजिट’ असं लिहावं.

एक सावधगिरी राहिली. प्रत्येक ‘टू’ भविष्याचा नसतो. ‘प्लॅन टू बिल्ड डॅम ड्रॉप्ड’ हा मथळा घ्या. ‘प्लॅन इज टू बिल्ड’ असं करायला गेलात, तर शेवटचं ‘ड्रॉप्ड’ लटकतं. इथे मुख्य क्रियापद तेच आहे आणि ‘टू बिल्ड डॅम’ हे फक्त योजना कसली ते सांगतं. पूर्ण वाक्य : ‘द प्लॅन टू बिल्ड अ डॅम हॅज बीन ड्रॉप्ड’. धरण होणार नाही, ही बातमी. घाईत वाचणारा मात्र धरण होणार असं समजून बसतो. तसंच ‘एमएलए रिफ्यूजेस टू रिझाइन’मध्ये ‘रिफ्यूजेस’ हे क्रियापद आधीच हजर आहे, त्यामुळे ‘इज’ला जागाच नाही. ‘टू’ दिसताच ‘इज’ घालण्याआधी मथळ्यात दुसरं मुख्य क्रियापद आहे का, ते शोधा. नसेल, तरच ‘इज’ किंवा ‘आर’ गळलेला आहे.

या आठवड्याचा सराव. पुढील मथळ्यांची पूर्ण वाक्यं करा :

१. स्कूल्स टू रिओपन ऑन मंडे
२. टीचर्स नॉट टू जॉइन स्ट्राइक
३. मूव्ह टू शिफ्ट मार्केट ऑपोज्ड
४. मर्क्युरी टू राइज इन विदर्भ

उत्तरं पुढच्या भागात. त्याच भागात मथळ्यांतल्या स्वल्पविरामाकडे वळू; तिथे तो बऱ्याचदा ‘अँड’चं काम करतो.