गाजर हलव्यात साखर कधी घालायची?

थंडी पडली की मंडईत लालभडक, लांबसडक दिल्ली गाजरांचे ढीग लागतात आणि घरोघरी हलव्याची तयारी सुरू होते. साहित्य मोजकं, कृतीही सोपी. तरी कधी हलवा खिरीसारखा पातळ होतो, तर कधी केला त्या दिवशी छान दिसतो आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या तळाशी गोड पाणी साचलेलं असतं. बहुतेक वेळा याचं मूळ साखरेत सापडतं. ती लवकर पडलेली असते, नाहीतर ती घातल्यावर हलवा पुरेसा परतलेला नसतो.

एक किलो गाजरांचा हिशेब मांडून पाहू. सोलून, टोकं काढून किसली की ९०० ग्रॅमच्या आसपास कीस निघतो. गाजरात जवळजवळ ८८ टक्के पाणी असतं, म्हणजे या किसातच पाऊण लिटरहून जास्त पाणी आहे. त्यावर आपण लिटरभर मलईचं दूध ओततो, त्यातही सुमारे ८५ टक्के पाणीच. तयार हलवा मात्र किलोभराच्या आत-बाहेर भरतो. सव्वा लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन जावं लागतं, तेव्हा कुठे तो दाट होतो. म्हणून कढई पसरट आणि जाड बुडाची हवी, आणि झाकण अजिबात नको. कुकरमध्ये कीस लवकर शिजतो खरा, पण वाफ आतच राहते आणि ते पाणी पुढे आटवावंच लागतं.

किसणीची जाड बाजू वापरावी, बारीक किसाचा लगदा होतो. गाजराच्या मधला दांडा पिवळट आणि कडक असेल तर तो किसू नये. कढईत दोन मोठे चमचे तूप घालून कीस मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं परतायचा. त्याचं स्वतःचं बरंच पाणी इथेच निघून जातं, कच्चा वास जातो आणि गाजराचा रंग तुपात उतरतो. मग तापवलेलं दूध घालायचं. उकळी आली की आच मध्यम ठेवून अधूनमधून ढवळत राहायचं, कडेला जमणारी साय खरवडून आत ढकलायची. हलव्याला रवाळपणा येतो तो या सायीमुळेच. दूध आटायला पाऊण तास सहज लागतो, आणि शेवटच्या दहा मिनिटांत कढईपासून हलू नये, कारण दूध बुडाला लागतं ते तेव्हाच.

साखर आता घालायची, आधी नाही. साखर किसातलं पाणी बाहेर ओढते आणि गाजर मऊ होण्याचं काम मंदावतं. दुधाबरोबरच साखर घातली तर कीस चिवट राहतो आणि गोड झालेलं दूध लवकर करपतं. दूध आटलं की नाही हे पाहण्यासाठी उलथन्याने कढईच्या मधोमध एक रेघ ओढावी. रेघेत दूध ओघळून आलं तर अजून थांबावं. रेघ कोरडी राहिली आणि कीस बोटांत सहज चेपला गेला, की साखर घालावी. किलोभर गाजराला १५० ग्रॅम साखर पुरते. गाजरं फारच गोड असतील तर त्याहून कमी.

साखर विरघळली की हलवा पुन्हा सैल होतो. पुष्कळजण इथे घाबरून दूध पावडर टाकतात किंवा इथेच गॅस बंद करतात, आणि डब्यात साचणारं पाणी हेच. हे दुसरं पाणीही आटवायलाच हवं. उरलेलं दोन चमचे तूप सोडून, आच थोडी वाढवून दहा-पंधरा मिनिटं सतत परतावं. आधी खदखदण्याचा आवाज येतो, पाणी संपत आलं की तो तुपाच्या चुरचुरीत बदलतो. रंग गडद होतो, गोळा कढईची कड सोडतो आणि कडेला तूप दिसू लागतं. १०० ग्रॅम खवा घालायचा असेल तर तो आता, हाताने मोकळा करून. पाच मिनिटं परतून वेलचीपूड घातली की काम झालं.

साखरेऐवजी कंडेन्स्ड मिल्क वापरायचं असेल तर तेही याच टप्प्यावर घालावं. त्यात भरपूर साखर असते, म्हणून वर साखर घालण्याआधी चव पाहावी.

निवल्यावर हलवा आणखी आळतो, म्हणून हवा त्याहून किंचित सैल असतानाच उतरवावा. डब्यात भरलेल्या हलव्याला पाणी सुटलंच, तर तो पसरट कढईत काढून मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटं परतावा. कॉर्नफ्लोअरने तो दाटेल, पण चिकट होईल आणि दुधाची चव दबेल. फ्रिजमध्ये हलवा चार-पाच दिवस चांगला राहतो. तूप थिजून तो घट्ट झाला, तर चमचाभर दूध शिंपडून गरम करावा.